दहाचे शंभर झाले. खरेदी किंमत किती धरायची?

१६ जून २०२५ ही बजाज फायनान्सच्या भागधारकांसाठी रेकॉर्ड डेट होती. पुण्याजवळ आकुर्डीला नोंदणीकृत कार्यालय असलेल्या या कंपनीने त्या तारखेला दोन निर्णय एकदम अमलात आणले. दोन रुपये दर्शनी किमतीच्या प्रत्येक शेअरचे एक रुपयाचे दोन शेअर केले, आणि अशा प्रत्येक नव्या शेअरमागे चार बोनस शेअर दिले. ज्याच्याकडे दहा शेअर होते, त्याच्या डिमॅट खात्यात शंभर दिसू लागले. नऊ हजारांच्या वर असलेला बाजारभाव नऊशेच्या घरात आला.

भागधारकाच्या दृष्टीने फार काही बदलले नव्हते. गुंतवलेले पैसे तेच, कंपनीतला वाटाही तेवढाच. बदलली ती कराच्या हिशेबातली एक गोष्ट, आणि ती शेअर विकेपर्यंत सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. या शंभर शेअरची खरेदी किंमत आता सारखी राहिलेली नाही. त्यातले वीस शेअर एका हिशेबाने चालतात आणि उरलेले ऐंशी दुसऱ्या. हा फरक माहीत नसेल तर थोडा नफा मिळवलेल्या माणसालाही नफ्याच्या मानाने खूप जास्त कर भरावा लागू शकतो. कसा, ते आकडे मांडूनच पाहू.

स्प्लिट आणि बोनस यांतला फरक

स्प्लिट म्हणजे शेअरचे विभाजन. शंभराची नोट मोडून पन्नासच्या दोन घ्याव्यात, तसेच. कंपनी नवीन काही देत नाही. जुनाच शेअर लहान होतो. म्हणून जुनी खरेदी किंमत नव्या तुकड्यांत समान वाटली जाते आणि खरेदीची तारीखही जुनीच राहते. सात हजारांना घेतलेल्या शेअरचे दोन झाले तर प्रत्येकाची खरेदी किंमत साडेतीन हजार. तीन वर्षांपूर्वी घेतला असेल तर दोन्ही तुकडे तीन वर्षे जुनेच समजले जातात.

बोनस शेअर मात्र नवा असतो. कंपनी आपल्या साठलेल्या गंगाजळीतून तो काढते आणि भागधारकाला मोफत देते. आयकर कायद्याच्या नजरेत ही नवी मालमत्ता आहे. ती ज्या दिवशी वाटली त्या दिवसापासून तिचे वय मोजायचे आणि तिच्यासाठी काही मोजलेले नाही म्हणून तिची खरेदी किंमत शून्य धरायची. मूळ शेअरची किंमत बोनसमुळे कमी होत नाही. मूळ शेअर सात हजारांचा असेल तर बोनसनंतरही तो हिशेबात सात हजारांचाच राहतो, मग बाजारात त्याचा भाव निम्मा झालेला असो की पाव.

सामान्य माणसाला हे पटायला जड जाते. त्याचे मन सांगते की एकूण पैसे एकूण शेअरना भागले की झाली प्रत्येकाची किंमत. एकेकाळी कायदाही हेच सांगत होता. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने दालमिया इन्व्हेस्टमेंट कंपनीच्या प्रकरणात, जुने आणि बोनस शेअर एकाच दर्जाचे असतील तर जुन्यांची किंमत दोन्हींवर सरासरीने वाटावी, असा निकाल दिला होता. पुढे १९९५ च्या वित्त कायद्याने ही पद्धत बाजूला सारली आणि बोनसची किंमत शून्य असा थेट नियम आला. आज सरासरी काढून विवरणपत्र भरणारा माणूस तीस वर्षांपूर्वी मागे पडलेला हिशेब करत असतो.

एका गुंतवणूकदाराचे शंभर शेअर

आता उदाहरण घेऊ. समजा, एका गृहस्थांनी जानेवारी २०२५ मध्ये बजाज फायनान्सचे दहा शेअर सात हजार रुपये दराने घेतले. एकूण गुंतवणूक सत्तर हजार रुपये. जूनमध्ये त्यांच्याकडे शंभर शेअर झाले. त्यांतले वीस शेअर स्प्लिटमधून आलेले. त्यांची प्रत्येकी खरेदी किंमत ३,५०० रुपये आणि खरेदीची तारीख जानेवारी २०२५. उरलेले ऐंशी बोनसचे. त्यांची खरेदी किंमत शून्य आणि त्यांचे वय जून २०२५ मधल्या वाटपाच्या तारखेपासून सुरू.

फेब्रुवारी २०२६ मध्ये त्यांना पैशांची गरज पडली आणि हिशेबाला सोपा असा हजार रुपयांचा भाव धरला, तर शंभर शेअर विकून त्यांच्या हाती एक लाख रुपये आले. सत्तर हजार घातले, एक लाख मिळाले; नफा तीस हजार. कुणीही हाच हिशेब करेल, आणि एकूण रकमेपुरता तो बरोबरही आहे.

पण कायदा हा व्यवहार एकत्र पाहत नाही. वीस मूळ शेअर वीस हजारांना विकले गेले, त्यांची खरेदी किंमत मात्र सत्तर हजार. म्हणजे पन्नास हजारांचा तोटा. हे शेअर बारा महिन्यांहून जास्त काळ जवळ होते, म्हणून हा तोटा दीर्घ मुदतीचा. ऐंशी बोनस शेअर ऐंशी हजारांना विकले, खरेदी किंमत शून्य. म्हणजे ऐंशी हजारांचा नफा. हे शेअर हाती आल्याला अजून बारा महिने झालेले नाहीत, म्हणून तो नफा अल्प मुदतीचा.

खरी अडचण इथेच आहे. अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो, पण दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो. या गृहस्थांचा पन्नास हजारांचा तोटा दीर्घ मुदतीचा आहे आणि नफा अल्प मुदतीचा. दोन्ही एकमेकांना लागत नाहीत. २३ जुलै २०२४ पासून शेअर बाजारात विकलेल्या शेअरच्या अल्प मुदतीच्या नफ्यावर वीस टक्के कर आहे. ऐंशी हजारांवर सोळा हजार, चार टक्के उपकर धरून १६,६४० रुपये. त्यांचे इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर तीस हजारांच्या खऱ्या नफ्यातला निम्म्याहून अधिक भाग करातच जाईल.

तोटा वाया जात नाही, हे खरे. विवरणपत्र मुदतीत भरले तर तो पुढची आठ वर्षे ओढता येतो आणि त्या काळात होणाऱ्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वळता करता येतो. पण तसा नफा पुढे झालाच नाही, किंवा विवरणपत्र उशिरा भरले, तर त्या तोट्याचा काही उपयोग राहत नाही.

आता हेच शंभर शेअर त्यांनी जुलै २०२६ मध्ये, त्याच हजार रुपये भावाने विकले असे धरा. बोनस शेअरना बारा महिने उलटून गेलेले आहेत. ऐंशी हजारांचा नफाही दीर्घ मुदतीचा झाला आणि पन्नास हजारांचा तोटा त्यातून सरळ वजा झाला. उरला तीस हजारांचा दीर्घ मुदतीचा नफा. शेअरवरच्या अशा नफ्याला सध्याच्या नियमानुसार वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही. त्या वर्षी दुसरा मोठा नफा झालेला नसेल तर कर शून्य. शेअर तेच, भाव तोच, माणूसही तोच. फक्त पाच महिन्यांच्या अंतराने साडेसोळा हजारांचा फरक पडतो.

मधल्या काळात, १ एप्रिल २०२६ पासून, १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ चा नवा कायदा घेतो. कलमांचे क्रमांक बदलतात. बोनसची किंमत शून्य आणि वय वाटपापासून, हा पाया तसाच राहतो.

थोडेच शेअर विकले तर

बहुतेक लोक सगळे शेअर एकदम विकत नाहीत. मग विकलेले वीस शेअर मूळचे की बोनसचे, हे कोण ठरवणार? डिमॅट खात्यातल्या शेअरवर नावनिशाणी नसते, म्हणून कायद्याने आधी आलेला आधी गेला, असा नियम लावला आहे. खात्यात जे आधी जमा झाले ते आधी विकले गेले, असे समजायचे. हा नियम प्रत्येक डिमॅट खात्याला स्वतंत्र लागतो. दोन ब्रोकरांकडे दोन खाती असतील तर दोन्हींचे हिशेब वेगळे.

मूळ शेअर अर्थातच बोनसच्या आधीचे. म्हणून आपल्या गृहस्थांनी फेब्रुवारीत फक्त वीस शेअर विकले असते तर ते मूळचेच ठरले असते आणि विवरणपत्रात पन्नास हजारांचा दीर्घ मुदतीचा तोटा दिसला असता. ब्रोकरच्या अ‍ॅपवर मात्र बहुधा सरासरी सातशे रुपये किंमत आणि वीस शेअरवर सहा हजारांचा नफा दिसला असता. सहा हजारांचा नफा दाखवून विवरणपत्र भरणारा माणूस स्वतःचा पन्नास हजारांचा तोटा सोडून देतो. पुढे तोच माणूस बोनसचे ऐंशी शेअर विकताना पुन्हा सातशे रुपये किंमत धरतो, आणि तेव्हा खात्याच्या हिशेबाने त्याने छप्पन्न हजारांचा नफा लपवलेला असतो. चूक दोन्हीकडे होते: आधी स्वतःचे नुकसान, नंतर नोटिशीची भीती.

मग कुणाला वाटेल की बोनस जाहीर झाला की शेअर घ्यावेत, बोनस मिळाला की मूळ शेअर विकून मोठा तोटा दाखवावा आणि दुसऱ्या नफ्यावरचा कर वाचवावा. ही वाट सरकारने बंद केली आहे. आधी हा नियम फक्त म्युच्युअल फंडांच्या युनिटना लागू होता. २०२२ च्या वित्त कायद्याने तो १ एप्रिल २०२३ पासून शेअरनाही लागू केला. रेकॉर्ड डेटच्या आधीच्या तीन महिन्यांत शेअर घेतले असतील, आणि रेकॉर्ड डेटनंतरच्या नऊ महिन्यांत ते विकताना बोनस शेअर हातात ठेवले असतील, तर मूळ शेअरवरचा तोटा धरला जात नाही.

पण तो तोटा नाहीसाही होत नाही. समजा, कुणी मे २०२५ मध्ये दहा शेअर नऊ हजारांना घेतले, जूनमध्ये त्यांचे शंभर झाले, आणि जुलैमध्ये मूळचे वीस ९५० रुपयांना विकले. खरेदी नव्वद हजार, विक्री एकोणीस हजार. तोटा एकाहत्तर हजार. तो त्या वर्षी धरला जाणार नाही, पण हातात राहिलेल्या ऐंशी बोनस शेअरची खरेदी किंमत एकाहत्तर हजार मानली जाईल, म्हणजे प्रत्येकी ८८७ रुपये ५० पैसे. बोनसची किंमत शून्य या नियमाला हा अपवाद आहे. तो माहीत नसेल तर माणूस पुढे या ऐंशी शेअरवर शून्य किंमत लावून विनाकारण जास्त कर भरतो.

जुन्या शेअरांना २०१८ ची सवलत

दुसरा अपवाद जुन्या भागधारकांच्या फायद्याचा आहे. १ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पाने शेअरवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला पुन्हा कर लावला, पण ३१ जानेवारी २०१८ पर्यंत झालेली भाववाढ करातून वगळली. त्या तारखेआधी घेतलेल्या शेअरची खरेदी किंमत ठरवताना आधी त्या दिवशीचा सर्वाधिक भाव आणि आताची विक्री किंमत यांतली कमी रक्कम घ्यायची. मग ती आणि मूळ खरेदी किंमत यांतली जास्त रक्कम धरायची. ही सवलत त्या तारखेआधी मिळालेल्या बोनस शेअरनाही आहे. म्हणून जुन्या बोनसची खरेदी किंमत शून्य असली तरी प्रत्यक्षात ३१ जानेवारीचा भावच तिच्या जागी येतो.

बजाज फायनान्सने सप्टेंबर २०१६ मध्येही एकास एक बोनस आणि दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच असे विभाजन केले होते. त्या वेळचे बोनस शेअर आजवर सांभाळून ठेवलेल्या माणसाला ही सवलत लागू आहे. पण २०२५ मुळे तिच्यात एक खाच आली. २०१८ चा भाव दोन रुपयांच्या शेअरचा होता आणि आताचा शेअर एक रुपयाचा आहे. म्हणून तो भाव स्प्लिटसाठी निम्मा करायचा; बोनससाठी मात्र भागायचा नाही, कारण २०२५ चे बोनस शेअर स्वतंत्र आणि शून्य किमतीचे आहेत.

गणित सोपे व्हावे म्हणून त्या दिवशीचा भाव १,७०० रुपये होता असे धरू. आजच्या प्रत्येक जुन्या शेअरची किंमत झाली ८५० रुपये. हजार रुपयांना विकला तर नफा दीडशे. आता बहुतेक संकेतस्थळांवरचे जुने भावांचे आलेख पाहा: ते स्प्लिट आणि बोनस दोन्हींसाठी जुने भाव कमी करून दाखवतात, म्हणजे दहाने भागून. तिथे त्या दिवशीचा भाव १७० दिसेल. तो धरला तर त्याच शेअरवर नफा ८३० रुपये येतो आणि कर साडेपाचपट होतो. आलेख गुंतवणुकीचा परतावा समजावा म्हणून काढलेला असतो, कराच्या हिशेबासाठी नव्हे. ३१ जानेवारी २०१८ चा भाव शेअर बाजाराच्या त्या दिवशीच्या मूळ नोंदीतूनच घ्यावा.

डिमॅटच्या पानावर काय पाहायचे

या सगळ्याचा पुरावा डिमॅट खात्याच्या व्यवहारपत्रकात असतो. बोनस शेअर जमा झाल्याची तिथे वेगळी ओळ असते आणि शेअरचा ओळख क्रमांक जुनाच राहतो. स्प्लिटच्या वेळी मात्र दर्शनी किंमत बदलते म्हणून ओळख क्रमांकही बदलतो. पत्रकात जुन्या क्रमांकाचे दहा शेअर वजा झालेले आणि नव्या क्रमांकाचे वीस शेअर जमा झालेले दिसतात, तारीख जून २०२५.

चुकीची सुरुवात बहुतेक वेळा याच ओळीतून होते. काही हिशेबी सॉफ्टवेअर आणि काही ब्रोकरांचे अहवाल नव्या क्रमांकाचे शेअर पाहून त्यांना जूनमध्ये घेतलेले समजतात. मग दीर्घ मुदतीचे शेअर अल्प मुदतीचे ठरतात, आणि खरेदी किंमत सापडली नाही की तीही शून्य लिहिली जाते. आयकर संकेतस्थळावरच्या वार्षिक माहिती विवरणात डिपॉझिटरीकडून आलेले विक्रीचे आकडे असतात. त्यांतली खरेदी किंमत काही वेळा अंदाजे धरलेली असते आणि ती बोनस-स्प्लिटच्या शेअरांबाबत हमखास तपासून पाहायला हवी. ती चुकली असेल तर विवरणातच आपला प्रतिसाद नोंदवता येतो आणि विवरणपत्रात मूळ खरेदीच्या कॉन्ट्रॅक्ट नोटप्रमाणे बरोबर आकडा भरता येतो.

अहवालात चूक आहे का, हे ओळखायला दोन खुणा पुरतात. स्प्लिटमधून आलेल्या शेअरच्या खरेदीची तारीख मूळ खरेदीची आहे का, हे आधी पाहावे. मग बोनस शेअरसमोर शून्य आणि मूळ शेअरसमोर पूर्ण जुनी रक्कम आहे का, हे पाहावे. बोनससमोर शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर तो तोटा बोनसकडे वळल्याने आलेला आहे की २०१८ च्या सवलतीचा, हे विचारावे. दोन्ही नसेल तर तो सरासरीचा आहे आणि चुकीचा आहे.

बोनस मिळाल्यापासून एक वर्ष पूर्ण व्हायच्या आत शेअर विकायची वेळ आलीच, तर आधी वाटपाची तारीख शोधा. ती कंपनीने शेअर बाजाराला कळवलेल्या पत्रात मिळते आणि डिमॅटमधल्या जमा तारखेच्या एक-दोन दिवस मागेपुढे असते. गरज थांबू शकत असेल तर ती तारीख उलटून जाऊ द्या. नसेल थांबत, तर विकल्यानंतर येणारा दीर्घ मुदतीचा तोटा विवरणपत्रात मुदतीच्या आत नोंदवा; पुढच्या आठ वर्षांत तो कामी येऊ शकतो.